पीएफ पासबुकात कंपनीचा हिस्सा कमी का दिसतो, व्याज का जुळत नाही आणि सगळी रक्कम का काढता येत नाही?

पगाराचे काम पाहणाऱ्या प्रत्येक विभागाकडे दर वर्षी त्याच तीन तक्रारी येतात. पहिली अशी, की माझ्या पगारातून जेवढी रक्कम कापली जाते तेवढीच कंपनीने भरायची असते, मग पासबुकात कंपनीचा हिस्सा माझ्या निम्माच का आहे? दुसरी अशी, की जाहीर दराने हिशेब केला तर जमा झालेले व्याज कमी भरते. तिसरी तक्रार पैशांची गरज पडल्यावरच येते: पासबुकाच्या बेरजेइतकी रक्कम अर्जात भरली, तर ती मंजूर होत नाही. या तिन्ही तक्रारींमध्ये बहुतेक वेळा कोणाचीही लबाडी नसते. पासबुकातील तीन रकान्यांमागे दोन वेगळ्या योजना आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत, हे कर्मचाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. मात्र काही वेळा चूक खरोखर झालेली असते. ती ओळखायची कशी, हेही पुढे दाखवले आहे.

समजावण्यासाठी एकच कर्मचारी डोळ्यांसमोर ठेवू. तिचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून दरमहा २०,००० रुपये आहेत आणि कंपनी पूर्ण २०,००० रुपयांवर वर्गणी भरते. ती एप्रिल २०२१ पासून सदस्य आहे. १ एप्रिल २०२४ रोजी तिच्या स्वतःच्या हिश्शात १,००,००० रुपये, कंपनीच्या हिश्शात ४८,००० रुपये आणि निवृत्तिवेतनाच्या रकान्यात ४५,००० रुपये शिल्लक होते असे धरू. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून सुरुवातीचे आकडे पूर्ण घेतले आहेत; त्यापुढची गणिते मात्र नियमाप्रमाणेच केली आहेत.

कंपनीचा हिस्सा कुठे गेला?

पासबुकाची कोणतीही एक ओळ घ्या. तिच्यात वेतनाचे दोन आकडे असतात, एक भविष्य निर्वाह निधीच्या `EPF` शीर्षकाखाली आणि दुसरा निवृत्तिवेतन योजनेच्या `EPS` शीर्षकाखाली, आणि त्यांच्यापुढे `Employee Share`, `Employer Share` आणि `Pension Contribution` असे तीन रकाने असतात. आपल्या कर्मचाऱ्याच्या प्रत्येक महिन्याच्या ओळीत ईपीएफ वेतन २०,००० आणि ईपीएस वेतन १५,००० दिसेल, तर तीन रकान्यांत अनुक्रमे २,४००, १,१५० आणि १,२५० हे आकडे दिसतील.

तिच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये कापले जातात आणि ते सगळे पहिल्या रकान्यात जमा होतात. कंपनीही १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपयेच भरते, पण कंपनीच्या रकमेचे दोन भाग होतात. त्यातील ८.३३ टक्के रक्कम कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ या वेगळ्या योजनेत जाते आणि उरलेली रक्कम भविष्य निर्वाह निधीत राहते. निवृत्तिवेतन योजनेसाठी वेतनाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे. त्यामुळे पगार कितीही असला, तरी सर्वसाधारण सदस्याच्या बाबतीत हा भाग महिन्याला १,२५० रुपयांच्या पुढे जात नाही. १५,००० रुपयांचे ८.३३ टक्के १,२४९ रुपये ५० पैसे होतात आणि रकमा जवळच्या पूर्ण रुपयात धरल्या जात असल्याने पासबुकात १,२५० दिसतात. २,४०० मधून १,२५० वजा केल्यावर १,१५० उरतात आणि तेच `Employer Share` खाली दिसतात. म्हणून दुसरा आणि तिसरा रकाना यांची बेरीज पहिल्या रकान्याइतकी येते की नाही, हीच पहिली तपासणी करावी. ती जुळली तर कंपनीने आपली १२ टक्के वर्गणी पूर्ण भरलेली आहे.

येथे एक अर्धवट माहिती फार गोंधळ उडवते. कंपनीचा पीएफमधील हिस्सा ३.६७ टक्के असतो, असे सर्रास सांगितले जाते. ते १५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनालाच लागू पडते. २०,००० रुपयांचे ३.६७ टक्के काढले तर ७३४ रुपये येतात आणि पासबुकात १,१५० दिसतात. मग कर्मचारी जास्त रक्कम कशी आली म्हणून घाबरतो. वेतन मर्यादेपेक्षा वर गेले, की निवृत्तिवेतनाचा भाग १,२५० वर थांबतो आणि वाढीव सगळी रक्कम पीएफच्या बाजूला राहते. ३.६७ टक्क्यांचे गणित नेमके कुठे बसते, हे बिनपगारी रजेच्या महिन्यात चांगले दिसते. समजा एका महिन्यात अर्ध्या दिवसांचाच पगार मिळाला आणि ईपीएफ वेतन १०,००० नोंदले गेले, तर त्या ओळीत १,२००, ३६७ आणि ८३३ असे आकडे येतील. एखादी ओळ इतरांपेक्षा लहान दिसली, तर कंपनीवर शंका घेण्याआधी त्या महिन्याची पगार चिठ्ठी आणि हजेरी पाहावी.

बऱ्याच कंपन्या प्रत्यक्ष मूळ वेतन अधिक असतानाही १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवरच वर्गणी भरतात. अशा ठिकाणी ईपीएफ वेतनाच्या रकान्यात १५,००० दिसते आणि वर्गणी १,८००, ५५० आणि १,२५० अशी पडते. हे नियमबाह्य नाही, पण नियुक्तिपत्रात पूर्ण मूळ वेतनावर वर्गणीचे आश्वासन असेल, तर ते पत्र पुढे करून विचारणा करता येते. याच्या उलट, स्वेच्छेने जास्त रक्कम कापायला सांगितली असेल, तर ती सगळी पहिल्याच रकान्यात जाते. त्या जादा रकमेइतकी भर घालण्याचे बंधन कंपनीवर नसते, त्यामुळे वर सांगितलेली बेरीज अशा खात्यात जुळणार नाही.

एकूण वार्षिक वेतन खर्चाच्या तक्त्यात कंपनीच्या नावावर आणखी दोन रकमा दिसतात. ठेव संलग्न विमा योजनेचे अर्धा टक्का, म्हणजे कमाल ७५ रुपये, आणि प्रशासकीय शुल्काचे अर्धा टक्का, म्हणजे आपल्या उदाहरणात १०० रुपये. या रकमा कंपनी भरते, पण त्या सदस्याच्या खात्यात जमा होत नाहीत आणि पासबुकात कधीच दिसत नाहीत. तक्त्यातील आकडा आणि पासबुक यांच्यात १७५ रुपयांचा फरक येत असेल, तर तो इथला आहे.

आता जेथे चूक खरोखर असते ते प्रसंग पाहू. १ सप्टेंबर २०१४ किंवा त्यानंतर पहिल्यांदाच पीएफचा सदस्य झालेल्या आणि त्या वेळी १५,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतन योजनेचे सदस्यत्व मिळत नाही. त्याच्या पासबुकात तिसरा रकाना शून्य असायला हवा आणि कंपनीचे पूर्ण १२ टक्के दुसऱ्या रकान्यात दिसायला हवेत. पगार विभागाने संगणकात सगळ्यांना एकच सूत्र लावलेले असले, तर अशा कर्मचाऱ्याचेही १,२५० रुपये दरमहा निवृत्तिवेतनात जात राहतात आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते पैसे काढण्याचा अर्ज फेटाळला गेल्यावर. आपल्या उदाहरणातील कर्मचारी पहिल्यांदा सदस्य झाली तेव्हा तिचे वेतन १४,००० रुपये होते असे धरल्यामुळे ती निवृत्तिवेतन योजनेत आली आणि वेतन वाढल्यावरही त्यातच राहिली. दुसरी चूक याच्या उलट दिशेची असते: पूर्ण वेतनावरील वाढीव निवृत्तिवेतनाचा पर्याय मंजूर झालेला नसताना ईपीएस वेतनात २०,००० आणि निवृत्तिवेतनात १,६६६ दिसणे. दोन्ही चुका सदस्याला स्वतःहून दुरुस्त करता येत नाहीत. कंपनीने कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी विनंती करून रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवून घ्यावी लागते. वयाची ५८ वर्षे पूर्ण झाल्यावरही नोकरी सुरू असेल, तर निवृत्तिवेतनाची वर्गणी थांबते आणि ती रक्कम दुसऱ्या रकान्यात यायला हवी, हेही याच यादीतले आहे.

व्याजाचा हिशेब

व्याजाविषयी सर्वाधिक तक्रारी वर्षाच्या पहिल्या तिमाहीत येतात, कारण मार्च संपला तरी व्याजाची ओळ दिसत नाही. दर आधी संघटनेचे केंद्रीय विश्वस्त मंडळ सुचवते, मग केंद्रीय वित्त मंत्रालयाची संमती लागते आणि त्यानंतरच खात्यांवर नोंदी चढतात. २०२४-२५ साठी ८.२५ टक्के दर मंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुचवला, मे महिन्यात त्याला संमती मिळाली आणि त्यानंतर नोंदी झाल्या. नोंद उशिरा झाली म्हणून व्याज बुडत नाही, कारण ते ३१ मार्चच्या तारखेनेच `Int. Updated upto 31/03/2025` अशा ओळीने जमा होते. पुढील वर्षाच्या पासबुकात सुरुवातीची शिल्लक व्याज धरून येते, एवढे तपासले की पुरे.

यापुढची तक्रार अधिक अवघड वाटते. आपल्या कर्मचाऱ्याने असा हिशेब केला: सुरुवातीचे १,००,००० आणि वर्षभरातील २८,८०० मिळून १,२८,८०० रुपये होतात, त्यावर ८.२५ टक्क्यांनी १०,६२६ रुपये व्याज हवे. पासबुकात मात्र ९,३३९ रुपयेच आहेत. १,२८७ रुपये कुठे गेले?

ते कुठेही गेलेले नाहीत, कारण ते कधी देय झालेच नव्हते. भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद ६० प्रमाणे व्याज दरमहाच्या शिल्लक रकमेवर मोजले जाते आणि वर्षअखेरीस एकदम जमा केले जाते. वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लक रकमेला पूर्ण १२ महिन्यांचे व्याज मिळते. त्या वर्षात जमा झालेल्या प्रत्येक हप्त्याला मात्र तो ज्या महिन्यात जमा झाला, त्याच्या पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून व्याज लागू होते. म्हणजे एप्रिलमध्ये जमा झालेल्या हप्त्याला ११ महिन्यांचे, मे महिन्यातल्या हप्त्याला १० महिन्यांचे, असे करत फेब्रुवारीतल्या हप्त्याला एका महिन्याचे आणि मार्चमध्ये जमा झालेल्या हप्त्याला त्या वर्षी काहीच व्याज मिळत नाही. अकरापासून एकपर्यंतच्या संख्यांची बेरीज ६६ येते, आणि हप्ता वर्षभर सारखा असेल तर हा एकच आकडा लक्षात ठेवला की हिशेब कागदावरही करता येतो.

```
सुरुवातीची शिल्लक : १,००,००० × ८.२५ ÷ १०० = ८,२५०
वर्षातील हप्ते     : २,४०० × ६६ × ८.२५ ÷ १२०० = १,०८९
स्वतःच्या हिश्शावरील व्याज = ९,३३९
```

कंपनीच्या हिश्शावरही असाच हिशेब होतो. ४८,००० रुपयांवर ३,९६० रुपये आणि १,१५० रुपयांच्या हप्त्यांवर जवळपास ५२२ रुपये, मिळून ४,४८२ रुपये व्याज येते. त्यामुळे ३१ मार्च २०२५ रोजी तिच्या स्वतःच्या हिश्शात १,३८,१३९ रुपये आणि कंपनीच्या हिश्शात ६६,२८२ रुपये दिसायला हवेत. पूर्णांकनामुळे एखाद्या रुपयाचा फरक पडू शकतो आणि त्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही. वर्षात पगारवाढ झाली असेल, तर जुन्या आणि नव्या हप्त्यांचे महिने वेगळे मोजावेत; रीत तीच राहते.

पासबुकातील महिन्याचा अर्थ लावताना एक घोटाळा हमखास होतो. मार्च महिन्याच्या पगाराची वर्गणी कंपनीने १५ एप्रिलपर्यंत भरायची असते, म्हणून `Wage Month` खाली मार्च दिसत असताना त्याच ओळीच्या तपशिलात `Cont. For Due-Month 042024` असे लिहिलेले असते. एका आर्थिक वर्षाच्या पासबुकात म्हणून मार्चच्या पगारापासून पुढच्या फेब्रुवारीच्या पगारापर्यंतच्या बारा ओळी येतात. एप्रिलच्या पगाराची ओळ पहिली नाही म्हणून एक महिना गहाळ आहे, असे समजू नये. खरोखर गहाळ महिना ओळखायचा तर `Wage Month` चा रकाना वरपासून खालपर्यंत वाचावा आणि ज्या महिन्याची पगार चिठ्ठी हातात आहे पण ओळ नाही, तो महिना टिपून ठेवावा.

तिसऱ्या रकान्यात व्याज शून्य का, हा प्रश्न तर प्रत्येक जण विचारतो. निवृत्तिवेतन योजनेत सदस्याच्या नावावर व्याज देणारे वैयक्तिक खातेच नसते. पुढे मिळणारे निवृत्तिवेतन सेवेची वर्षे आणि वेतन यांच्या सूत्रावर ठरते, या रकान्याच्या बेरजेवर ठरत नाही. म्हणून आपल्या उदाहरणात ४५,००० मध्ये वर्षभराचे १५,००० मिळून बरोबर ६०,००० होतात आणि त्यात एक रुपयाही व्याज नसतो. हा रकाना पासबुकात इतर दोन रकान्यांच्या शेजारी छापला जातो, ही मांडणीच मुळात दिशाभूल करणारी आहे असे माझे मत आहे.

वर्षाच्या मध्येच आगाऊ रक्कम काढली असेल, तर व्याज त्या प्रमाणात कमी होते. समजा तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतःच्या हिश्शातून ४०,००० रुपये काढले. या ४०,००० रुपयांवर एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे सहा महिन्यांचे व्याज मिळेल, पण पुढच्या सहा महिन्यांचे १,६५० रुपये मिळणार नाहीत. मग वर्षअखेरीस ९,३३९ ऐवजी ७,६८९ रुपये व्याज दिसेल. व्याज अनपेक्षितपणे कमी दिसले, तर त्या वर्षाच्या नोंदींत रक्कम काढल्याची ओळ आहे का, हे आधी पाहावे.

नोकरी सोडल्यावर व्याज लगेच बंद होते, हा समज मात्र चुकीचा आहे. वयाच्या ५५ वर्षांनंतर निवृत्त होऊन ३६ महिने अर्ज केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते आणि व्याज थांबते. तिशीतल्या माणसाने नोकरी सोडून खाते तसेच ठेवले, तर त्याला तो नियम लागू होत नाही.

नोकरी बदलल्यावर दिसणारा शून्य

प्रत्येक कंपनीसाठी सदस्य क्रमांक वेगळा असतो आणि प्रत्येक क्रमांकाचे पासबुकही वेगळे असते. यूएएन, म्हणजे सदस्याचा कायमचा सार्वत्रिक खाते क्रमांक, तेवढा एकच राहतो. रक्कम नव्या खात्यात वळवल्यावर जुन्या पासबुकात शिल्लक शून्य होते आणि नव्या पासबुकात स्वतःचा व कंपनीचा हिस्सा व्याजासह येतो, पण निवृत्तिवेतनाच्या रकान्यात आलेली रक्कम शून्य दिसते. येथे अनेक जण ‘माझे पन्नास-साठ हजार गेले’ अशी तक्रार लिहितात. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत पैसे वळवले जात नाहीत, फक्त सेवेचा कालावधी पुढच्या नोंदीत जोडला जातो. त्यामुळे पोर्टलवरील सेवा इतिहासात जुन्या नोकरीच्या रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख बरोबर आहे का, हेच तपासायचे असते.

कंपनीचा स्वतःचा मान्यताप्राप्त विश्वस्त निधी असेल, तर पीएफचे पैसे त्या निधीकडे असतात आणि संघटनेच्या संकेतस्थळावर ते दिसत नाहीत. अशा वेळी वार्षिक विवरण विश्वस्त निधीकडूनच मागावे.

बेरजेइतकी रक्कम का मिळत नाही?

आपल्या कर्मचाऱ्याने तिन्ही रकान्यांची बेरीज २,६४,४२१ रुपये धरली. त्यातील निवृत्तिवेतनाचे ६०,००० रुपये नोकरीत असताना आगाऊ म्हणून काढताच येत नाहीत. उरलेल्या २,०४,४२१ रुपयांपैकी किती काढता येईल, हे कारण, सदस्यत्वाची वर्षे आणि त्या कारणासाठी कोणता हिस्सा खुला आहे, या तीन गोष्टींवर ठरते.

वर्षानुवर्षे चालत आलेल्या नियमांप्रमाणे लग्न किंवा शिक्षणासाठी सात वर्षांचे सदस्यत्व आणि स्वतःच्या हिश्शाच्या निम्म्यापर्यंतची मर्यादा होती, तर घर घेण्यासाठी पाच वर्षांचे सदस्यत्व लागत असे. मार्च २०२५ मध्ये तिचे सदस्यत्व चारच वर्षांचे असल्याने हे दोन्ही मार्ग तिच्यासाठी बंद होते. आजारपणासाठी सदस्यत्वाच्या वर्षांची अट नव्हती, पण मर्यादा सहा महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा स्वतःचा व्याजासह हिस्सा, यांपैकी जी कमी असेल ती होती. तिच्या बाबतीत सहा महिन्यांचे वेतन १,२०,००० आणि स्वतःचा हिस्सा १,३८,१३९, म्हणून १,२०,००० रुपयांपर्यंतच मंजुरी मिळू शकत होती. दोन लाखांचा अर्ज करून निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम हाती का आली, याचे उत्तर हे असते.

केंद्रीय विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत हे नियम सोपे करण्याचा निर्णय घेतला. आगाऊ रकमेच्या तेरा तरतुदी एकत्र करून अत्यावश्यक गरजा, घर आणि विशेष परिस्थिती असे तीनच गट करायचे, सर्वांसाठी किमान १२ महिन्यांची सेवा पुरेशी मानायची आणि कंपनीचा हिस्साही मोजणीत घ्यायचा, मात्र वर्गणीच्या २५ टक्के रक्कम किमान शिल्लक म्हणून खात्यात ठेवायची, असे त्याचे स्वरूप आहे. याच निर्णयात नोकरी गेल्यावर खाते पूर्ण बंद करण्याचा कालावधी दोन महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणि निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्याचा कालावधी दोन महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेलेला आहे. मंडळाचा निर्णय आणि राजपत्रातील अधिसूचना या दोन वेगळ्या पायऱ्या असतात. त्यामुळे वर्तमानपत्रातील मथळ्यावर विसंबून रक्कम ठरवू नये. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर निवडलेल्या कारणासमोर जी पात्र रक्कम दाखवली जाते, तीच खरी.

नोकरी सोडल्यानंतर निवृत्तिवेतनाच्या रकान्याचे काय होते, हेही येथेच सांगायला हवे. एकूण सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असेल, तर नमुना `10C` भरून रक्कम काढता येते किंवा सेवेचे योजना प्रमाणपत्र घेता येते. मिळणारी रक्कम रकान्याच्या बेरजेइतकी नसते. ती सेवेचा कालावधी आणि वेतन यांवरून योजनेतील तक्त्याप्रमाणे निघते. दहा वर्षे पूर्ण झाली, की काढण्याचा मार्ग बंद होतो आणि ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन, किंवा ५० वर्षांनंतर कमी दराचे निवृत्तिवेतन, एवढेच पर्याय उरतात. नऊ वर्षे सहा महिने किंवा त्याहून अधिक सेवा दहा वर्षे धरली जाते, हे काठावर असलेल्यांनी राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी पाहिलेले बरे.

सलग सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असताना खाते बंद करून ५०,००० रुपये किंवा अधिक रक्कम घेतली, तर पॅन जोडलेला असताना १० टक्के कर उगमस्थानी कापला जातो. आपल्या कर्मचाऱ्याने चार वर्षांनी राजीनामा देऊन २,०४,४२१ रुपये काढले असते, तर सुमारे २०,४४२ रुपये तिथेच वजा झाले असते. आधीच्या कंपनीतील रक्कम नव्या खात्यात वळवलेली असेल, तर ती सेवाही पाच वर्षांत मोजली जाते.

अर्ज सगळे नियम पाळूनही अडतो, त्याचे सर्वांत नेहमीचे कारण पासबुकात दिसतच नाही: जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलेली नसते. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर ही तारीख सदस्य स्वतः पोर्टलवर आधारच्या ओटीपीने भरू शकतो. मात्र तो महिना नीट निवडावा, कारण चुकीची तारीख एकदा चढली, की ती दुरुस्त करण्याची कटकट मागे लागते.

वर्गणी खरोखरच भरलेली नसेल तर

वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या करूनही एखादा महिना गहाळ असेल किंवा बेरीज जुळत नसेल, तर आधी कंपनीच्या पगार विभागाकडे त्या महिन्याच्या ईसीआरची, म्हणजे कंपनीने दरमहा भरलेल्या विवरणपत्राची, आपल्या नावाची ओळ आणि चलनाचा टीआरआरएन क्रमांक लेखी मागावा. चलन भरलेले असून नाव गळाले असेल, किंवा वर्गणी दुसऱ्याच यूएएनवर गेली असेल, तर या एका कागदावरून ते लगेच कळते आणि कंपनी पुरवणी विवरणपत्र भरून दुरुस्ती करू शकते. चलनच भरलेले नसेल आणि तरीही पगारातून कपात झालेली असेल, तर ती गंभीर बाब आहे. अशा कंपनीकडून थकलेली वर्गणी १२ टक्के वार्षिक व्याजासह आणि दंडासह वसूल करण्याचा अधिकार कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेला आहे.

तक्रार `epfigms.gov.in` येथे नोंदवताना ‘माझे पैसे कमी आहेत’ असे न लिहिता सदस्य क्रमांक, गहाळ `Wage Month`, त्या महिन्याच्या पगार चिठ्ठीतील कपातीचा आकडा आणि पासबुकातील आकडा अशा चार गोष्टी लिहाव्यात, पगार चिठ्ठी आणि पासबुकाचे ते पान जोडावे, आणि प्रत्येक गहाळ महिन्यासाठी वेगळी तक्रार न करता त्या कंपनीचे सर्व महिने एकाच तक्रारीत द्यावेत.